गवताने बंद पाडलेला ग्लाइड पाथ

जुलैतली पहाट होती आणि पाऊस रात्रभर थांबला नव्हता. किनारपट्टीजवळच्या एका विमानतळावर मी दिशादर्शक यंत्रणेचा इंजिनिअर होतो. शिफ्ट संपायला तासभर उरला होता. 5:50 ला खोलीतलं रिमोट पॅनेल किंचाळलं. विमानाला उतरण्याचा उतार दाखवणारा ग्लाइड पाथ एक नंबर ट्रान्समीटरवरून दोन नंबरवर गेला, आणि काही सेकंदांत पूर्ण बंद पडला.

टॉवरचा फोन लगेच आला. पहिलं विमान 12 मैलांवर होतं, आणि ढग जमिनीपासून जेमतेम 300 फुटांवर.

ढगांतून विमानाला धावपट्टीपर्यंत आणणाऱ्या रेडिओ यंत्रणेचे, म्हणजे आयएलएसचे, दोन मुख्य भाग असतात. लोकलायझर धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला असतो आणि विमान मध्यरेषेच्या डावीकडे आहे की उजवीकडे ते सांगतो. ग्लाइड पाथच्या अँटेनांचा उंच मास्ट धावपट्टीच्या बाजूला उभा असतो आणि विमान 3 अंशांच्या उतारावर आहे का, हे सांगतो. दोन्हींची युक्ती एकच. एकाच लहरीवर दोन सूर चढवलेले असतात, 90 हर्ट्झचा आणि 150 हर्ट्झचा. विमान उतारापेक्षा वर असेल तर 90 जोरात, खाली असेल तर 150 जोरात. दोन्ही सारखे झाले की वैमानिकासमोरची सुई मधोमध येते. आमच्यासारख्या साध्या कॅटेगरी 1 च्या आयएलएसवर वैमानिक 200 फुटांपर्यंत काहीही न दिसता खाली येऊ शकतो. तिथेही धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले नाहीत, तर पुन्हा वर जायचं.

ग्लाइड पाथ नसला तर नुसत्या लोकलायझरवर उतरता येतं, पण मग आमच्याकडे साडेचारशे फुटांच्या खाली यायची परवानगी नव्हती. ढग 300 वर. म्हणजे काय होणार हे टॉवरला, वैमानिकाला आणि मलाही ठाऊक होतं. विमान आलं, ढगांतच इंजिनं गरजली आणि आवाज समुद्राकडे निघून गेला.

टॉवरची परवानगी घेऊन मी आणि आमचे ज्येष्ठ टेक्निशियन अण्णा जीपने मास्टजवळच्या शेल्टरवर, म्हणजे ट्रान्समीटरच्या खोलीवर, पोहोचलो. अण्णांनी ओले बूट दारात काढले, पॅनेल बघितलं आणि म्हणाले, "मशीन बरं आहे हो."

मलाही तेच वाटत होतं, आणि त्याला कारण होतं. एका ट्रान्समीटरमध्ये बिघाड असता तर दुसऱ्यावर गेल्यावर अलार्म थांबला असता. इथे दोघांनाही तोच अलार्म आणि जवळजवळ तोच आकडा. दोन वेगळी यंत्रं एकाच वेळी सारखीच बिघडणं फारच विरळा. बरं, अँटेनाच्या तोंडाशीच सिग्नल मोजणारा मॉनिटरही ठीक होता. बोंब मारत होता तो समोर 80 मीटरवरच्या खांबावरचा मॉनिटर. एरवी त्याचा आकडा 3-4 मायक्रोअँपच्या आत डोलतो. आज तो 150 हर्ट्झच्या बाजूला 50 च्या पुढे गेला होता. खांब जिथे होता तिथेच होता. किरणच त्याच्या डोक्यावरून वर सरकला होता.

तेवढ्यात ड्युटी मॅनेजरांचा फोन आला. "अहो, दुसरं विमान पाऊण तासात येतंय. ट्रान्समीटर ठीक आहे म्हणताय ना? मग मॉनिटर बायपास करा आणि चालू ठेवा."

त्यांचं म्हणणं अगदीच अडाणीपणाचं नव्हतं. कॅबिनेटवर बायपासचा स्विच असतोच, देखभालीसाठी; तो लावला की मॉनिटर प्रसारण बंद करू शकत नाही. शिवाय किरण वर सरकला होता, खाली नाही. पण 2000 सालच्या जुलैतली सामोआची घटना मी प्रशिक्षणात ऐकलेली होती. आपिया विमानतळावर ग्लाइड पाथचा ट्रान्समीटर देखभालीनंतर बायपासमध्येच राहिला होता, आणि सुईला वर-खाली सांगणारा साइडबँडचा भाग बाहेर पडतच नव्हता. रिसीव्हरला दोन्ही सूर सारखेच ऐकू येत राहिले. एअर न्यूझीलंडच्या बोइंग 767 ची सुई मधोमध, धोक्याचा झेंडा नाही, आणि विमान सुमारे 400 फुटांपर्यंत खाली आलेलं, तेही धावपट्टी 5 मैलांहून दूर असताना. वैमानिकांना गडबड लक्षात आली आणि ते वर गेले.

मॉनिटरने त्याला चुकीचं वाटणारं प्रसारण कॅटेगरी 1 मध्ये 6 सेकंदांत बंद करायचं असतं. तो नसला तर वैमानिकाला दिसणाऱ्या सुईची खात्री देणारं जमिनीवर कुणी उरत नाही. मी नाही म्हटलं. ते चिडले, आणि माझ्या आवाजातही तेव्हा म्हणावा तसा ठामपणा नव्हता.

मग आम्ही बाहेर पडलो. टॉर्चच्या उजेडात कारण समोरच चमकत होतं. मास्ट आणि मॉनिटरचा खांब यांच्यामध्ये वीतभर पाणी साचलं होतं.

ग्लाइड पाथची अँटेना एकटी काम करत नाही, समोरची जमीन तिचा आरसा असते. आमच्या मास्टवर दोन अँटेना होत्या, वरची साधारण साडेआठ मीटरवर, खालची त्याच्या निम्म्यावर. त्यांच्या लहरी थेट जातात आणि जमिनीवर आपटूनही जातात, आणि या दोन्हींच्या बेरीज-वजाबाकीतून 3 अंशांचा उतार तयार होतो. आरसा वर उचलला की अँटेनाची उंची तेवढी कमी होते आणि उतार चढा होतो. सगळं मैदान वीतभर वर आलं असतं तरी दूरच्या विमानाला फरक पडला असता जेमतेम सात शतांश अंशाचा. पण खांब इतका जवळ होता की त्याच्यासाठी नेमका डबक्याचाच आरसा होता, त्यामुळे त्याला तोच फरक तिपटीहून मोठा दिसला. विमानासाठी अर्धा आरसा पाण्याचा आणि अर्धा मातीचा असताना उतार कसा वाकतो, हे शेल्टरमध्ये बसून कोण सांगणार?

पाणी का साचलं, ते अण्णांनी शोधलं. मास्टसमोरचं गवत आम्ही मुद्दाम कापून घेतो, कारण उंच गवतही आरसा बिघडवतं. तीन दिवसांपूर्वी ठेकेदाराच्या माणसांनी ते कापलं आणि ढीग तसाच सोडला. तो वाहून गटाराच्या तोंडात घट्ट बसला होता. आमच्याच सिग्नलसाठी कापलेलं गवत! अण्णा गुडघाभर पाण्यात उतरले आणि हातांनी लगदा उपसू लागले. मी आधी काठीने प्रयत्न केला, मग मीही उतरलो. पंधरा मिनिटांनी तोंड मोकळं झालं आणि पाणी गडगडत निघालं.

शेल्टरमध्ये येऊन आकडा बघत बसलो. 50, 38, 24. पाणी उतरेल तसा तो खाली येत होता. 11 वर थोडा रेंगाळला, मग 6. दोन्ही ट्रान्समीटर आळीपाळीने लावून बघितले, पोर्टेबल रिसीव्हरने वेगळं मोजमाप घेतलं, आणि 6:50 ला टॉवरला ग्लाइड पाथ दिला, मॉनिटरसकट.

दुसरं विमान अडीचशे फुटांच्या आसपास ढगांतून बाहेर आलं आणि उतरलं. पहिलं तोवर इंधनाचा हिशेब करून दुसऱ्या शहराकडे गेलं होतं. त्यातल्या प्रवाशांची दुपारपर्यंत रखडपट्टी झाली.

लॉगबुक भरताना मॅनेजरांचा पुन्हा फोन आला. "वर कळवायचंय. कारण काय लिहू?"

"गवत," मी म्हणालो.

"नुसतं गवत?"

"कापलेलं गवत लिहा."