आलेखात नसलेली काळी एक

कुडाळला माझा छोटा स्टुडिओ आहे. भजनं, दशावतारातली पदं, लग्नाच्या व्हिडिओंचं पार्श्वसंगीत, असलं काम चालतं. मागच्या शिमग्याआधी एक भजनी बुवा आले. त्यांना गजर देवळातल्या घंटेच्या टोल्यावर सुरू करायचा होता आणि पेटीचा सूर घंटेशी जुळवायचा होता. घंटा मोठी, चर्चच्या घडणीची, अंगावर क्रूस असलेली. चिमाजीअप्पांच्या वसईच्या स्वारीत, म्हणजे 1739 साली, ती आपल्याकडे आली असं गावकरी सांगतात.

पहाटे साडेचारला जाऊन पाच टोले रेकॉर्ड केले. नंतर गेलं की प्रत्येक भक्त आत शिरताना घंटा बडवतो. इतक्या जोरात का, देवाला ऐकू कमी येतं का, हे मला अजून कळलेलं नाही.

घरी आल्यावर ऑडॅसिटी या ऑडिओ प्रोग्राममध्ये एक टोला पूर्ण निवडला, कुठल्या हर्ट्झला किती जोर आहे याचा आलेख काढणारं Plot Spectrum उघडलं आणि Size 65536 ठेवलं. सेकंदाला 44100 नमुन्यांच्या रेकॉर्डिंगला याचा अर्थ दीड सेकंदाचे तुकडे. त्यामुळे आलेखातल्या दोन शेजारच्या बिंदूंत जेमतेम 0.67 हर्ट्झचं अंतर राहतं. हा आकडा 2048 ठेवला तर ते साडेएकवीस हर्ट्झ होतं. या पट्टीत शेजारचा स्वर तेहतीस हर्ट्झवर असतो, म्हणजे मग शिखर नेमकं कुठे आहे ते सांगणं अवघड. आमच्याकडचे कीबोर्डवाले मोबाइलवरच्या ट्यूनर अ‍ॅपला एक टोला ऐकवून स्वर सांगतात, त्यांच्यावर मी हसत होतो. हसू लवकरच अंगाशी आलं.

शिखरं स्वच्छ होती: 283, 528, 668, 1108, 1662 आणि 2225. सगळ्यात उंच 668 चं, त्यावर कर्सर नेला की `E5`. मी बुवांना फोन केला, "बुवा, घंटा पांढरी तीनमध्ये आहे, जराशी चढी."

"खुळो की काय तू? काळी एक आसा ती."

संध्याकाळी ते आलेच. पेटीवर काळी एक दाबली, टोला वाजवायला लावला. जुळत होती. त्यांनी दाबलेल्या काळी एकचे 554 हर्ट्झ. आलेखात तिथे शिखरच नाही! जवळचं 528, पण ते पांढरी एकच्या आसपास. पडद्यावर नसलेला स्वर हा माणूस खुशाल गात होता, आणि मीही तो ऐकत होतो.

पहिली चूक निवडीची. Plot Spectrum निवडलेल्या सगळ्या तुकड्यांची सरासरी काढतं. घंटेचे वरचे स्वर पहिल्या क्षणात कडाडतात आणि विरतात, खालचे कितीतरी वेळ घुमत राहतात. पूर्ण टोला निवडल्यामुळे मी आघाताऐवजी घुमणंच मोजलं होतं. म्हणून फक्त पहिले 0.3 सेकंद निवडले. 65536 ला एवढ्यात पुरेसे नमुने नाहीत म्हणून प्रोग्रामने नकार दिला. 8192 ठेवलं. आता बिंदू 5.4 हर्ट्झवर, म्हणजे बारकावा गेला, पण चित्र पालटलं: सर्वांत उंच 1108, मागोमाग 1662 आणि 2225.

या तिघांना अनुक्रमे दोन, तीन आणि चारने भागा. 554, 554, 556. चर्चच्या घडणीच्या घंटेत टोल्याचा जो स्वर वाटतो तो याच तिघांवरून ठरतो. हे तीन एकाच पायाचे पट आहेत एवढं कानाला कळतं आणि तो पाया तो स्वतःच भरून काढतो. धातू तिथे कंप पावत नसला तरी चालतं.

पडताळणीला 900 च्या खालचं सगळं फिल्टरने कापून ऐकवलं. माझं 668, जे त्या अ‍ॅपनेही दाखवलं असतं, ते सगळं गेलं. बुवा म्हणाले, "पातळ झाली. पण काळी एकच."

इथे मी अडलो आहे. 1108 सुद्धा काळी एकच, फक्त वरच्या सप्तकातली. मग बुवा कापलेल्या आवाजात 554 ऐकत होते की 1108? त्यांना पेटीवर दाखवायला सांगितलं, तर आधी खालची दाबली, तिसऱ्या टोल्याला वरची, आणि माझ्याकडेच रागाने बघितलं. माझ्या बायकोला प्रत्येक वेळी वरची ऐकू येते. मला सकाळी एक, रात्री एक.

पेटी काळी एकला लावली. गजर झाला, ते ठीक. फक्त टोला संपत आला की 668 ची घुमण पेटीच्या सुराला कोमल गंधारासारखी चिकटून राहते. बुवांनी त्या जागी झांजा घ्यायला लावल्या.