‘काही अपडेट?’च्या खाली काय लिहायचं

तिकिटाचा मथळा होता, ‘एक्स्पोर्टमध्ये बिलं कमी येतात’. ते टाकलं होतं हिशेब विभागातल्या एका मॅडमनी. माझ्याकडे आलं तेव्हा त्यावर ‘काही अपडेट?’ची रांग लागली होती आणि प्रत्येकाखाली आमच्या सपोर्टचं एकच उत्तर होतं: ‘काम चालू आहे, लवकरच कळवतो.’ हे वाक्य लिहिणाऱ्याला सभ्य वाटतं, पण वाचणाऱ्याला त्यावरून काहीही ठरवता येत नाही. मग ती व्यक्ती दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारते आणि आमच्याकडे तिलाच ‘मागे लागणारी’ म्हणतात.

आधी दोष काय होता ते सांगतो, कारण त्याशिवाय कॉमेंट नीट लिहिता येत नाही. स्क्रीनवर १,२४० बिलं, डाउनलोड केलेल्या फाइलमध्येही १,२४० ओळी. तेवढं बघून कुणीतरी ‘आमच्याकडे बरोबर दिसतंय’ असं लिहून तिकीट बंदही केलं होतं. मॅडमनी ते पुन्हा उघडलं, आणि बरोबर केलं. ओळी १,२४० असल्या तरी वेगवेगळे बिल क्रमांक १,२३३ च होते. सात बिलं गायब होती आणि दुसरी सात दोनदा आली होती, म्हणून बेरीज जुळत होती.

एक्स्पोर्ट डेटाबेसमधून ५००-५०० ओळींच्या टप्प्यांनी डेटा उचलतो. नोंदीच्या वेळेनुसार क्रम लावणारी, दुसऱ्या टप्प्याची क्वेरी अशी होती:

```sql
ORDER BY created_at LIMIT 500 OFFSET 500
```

बिलं हाताने भरली जात होती तोवर प्रत्येकाची वेळ वेगळी असायची. पुढे एकगठ्ठा अपलोडची सोय आली. पोस्टग्रेसमध्ये `now()` ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ देतं, त्यामुळे एका अपलोडमधल्या सगळ्या बिलांवर अगदी तीच वेळ पडते. वेळ सारखी असलेल्या ओळींचा आपापसातला क्रम डेटाबेस बांधून देत नाही. पहिल्या टप्प्याच्या शेवटी आलेलं बिल दुसऱ्या टप्प्यात पुन्हा येऊ शकतं आणि एखादं दोन्हींतून निसटू शकतं. उपाय एका शब्दाचा, प्रत्येक ओळीचा वेगळा असणारा `id` क्रमात जोडायचा:

```sql
ORDER BY created_at, id
```

यातलं मॅडमना काय सांगायचं? आमच्यातले हुशार लोक इथे घसरतात आणि ट्रान्झॅक्शनवर परिच्छेद लिहितात. मी त्यांचे सगळे प्रश्न पुन्हा वाचले. एका ठिकाणी ओझरतं लिहिलं होतं की महिनाअखेरचा ताळा शुक्रवारी द्यायचा आहे. म्हणजे त्यांचा खरा प्रश्न होता, ‘थांबू, की हाताने जुळवायला बसू?’ कॉमेंटला याचं उत्तर द्यायचं होतं. मंगळवारी सकाळी मी लिहिलं ते असं:

‘नमस्कार मॅडम. तुमचं म्हणणं बरोबर आहे. तुम्ही जोडलेल्या फाइलमध्ये सात बिलं नाहीत आणि दुसरी सात दोनदा आली आहेत. क्रमांकांची यादी जोडली आहे. कारण सापडलं आहे: ५०० पेक्षा जास्त बिलं एकदम काढली की टप्प्यांच्या सीमेवर काही बिलं निसटतात. मूळ नोंदी सुरक्षित आहेत, दोष फक्त फाइल तयार होण्यात आहे. दुरुस्ती लिहून झाली आहे, पण तुमच्या सिस्टीमवर अजून आलेली नाही. शुक्रवारच्या आत ती येईल असं धरून चालू नका. तोपर्यंत बिल क्रमांक १ ते ४००, ४०१ ते ८०० आणि ८०१ ते १,२४० अशा तीन फाइली वेगळ्या काढा. ५०० च्या आत हा दोष येत नाही. आम्ही तिन्ही काढून पाहिल्या, १,२४० बिलं पूर्ण येतात. तुमच्याकडून सध्या काही नको. पुढची नोंद गुरुवारी दुपारी ४ वाजता करतो, काम पुढे सरकलेलं असो वा नसो.’

‘तुमचं म्हणणं बरोबर आहे’ हे पहिल्याच ओळीत हवं होतं. ज्यांचं तिकीट एकदा बंद झालंय, त्यांना आपल्यावर विश्वास बसलाय हे कळेपर्यंत पुढचं काही वाचवत नाही. त्याला जोडून लगेच सात क्रमांकांची यादी, म्हणजे कुणीतरी फाइल उघडून पाहिली याचा पुरावा. माफीचं वाक्य मी मुद्दाम एकही घातलं नाही. आधीच्या प्रत्येक उत्तरात ‘गैरसोयीबद्दल दिलगीर’ होतंच.

‘फिक्स झालं’ हे शब्द तर टाळायचेच. प्रोग्रॅमरच्या लेखी कोड लिहून झाला की फिक्स. टेस्टरच्या लेखी चाचणी सर्व्हरवर पास झाला की फिक्स. मॅडमच्या लेखी मात्र त्यांनी बटण दाबलं आणि फाइल बरोबर आली की फिक्स. म्हणून दुरुस्ती कुठवर आली आणि कुठे अजून पोचलेली नाही, दोन्ही लिहिलं.

दुरुस्तीची तारीख मी दिली नाही, पुढच्या नोंदीची वेळ दिली. दुरुस्ती रिव्ह्यूवर आणि डिप्लॉयच्या दिवसावर अवलंबून असते, दोन्ही माझ्या हातात नाहीत. गुरुवारी ४ वाजता चार ओळी लिहिणं हातात आहे. आमचे मॅनेजर म्हणाले, ‘अंदाजे तारीख टाक, म्हणजे शांत बसतील.’ अंदाजे तारीख वाचणारा ती पक्कीच धरतो आणि त्यावर आपल्या वरिष्ठांना शब्द देऊन मोकळा होतो.

गुरुवारी मॅडमच्या सिस्टीमवर काहीच हललं नव्हतं. अशा वेळी बहुतेक जण नोंद टाळतात, आणि मंगळवारी मिळवलेलं तिथेच जातं. मी लिहिलं: ‘तुमच्या सिस्टीमवर मंगळवारनंतर बदल नाही. दुरुस्ती तपासून झाली आहे. सिस्टीमवर नवे बदल आठवड्यातून एकदाच, मंगळवारी चढतात, म्हणून ती थांबली आहे. शुक्रवारच्या ताळ्यासाठी तीन फाइलींचाच मार्ग ठेवा. पुढची नोंद मंगळवारी बदल चढल्यावर, संध्याकाळी ६ पर्यंत.’ मॅडमचं उत्तर आलं, ‘ठीक आहे, तिन्ही फाइली काढल्या, जुळलं.’ नंतर ‘काही अपडेट?’ आलं नाही.

एका गोष्टीवर मात्र अजून माझं एकमत होत नाही, सहकाऱ्यांशीही आणि स्वतःशीही. हा दोष एकगठ्ठा अपलोड सुरू झाल्यापासूनचा, म्हणजे मधल्या काळात काढलेल्या मोठ्या फाइलीही संशयित. मंगळवारी हा फक्त तर्क होता, लॉग पाहायचे होते, म्हणून तो कॉमेंटमध्ये आला नाही. लॉग पाहिल्यावर गुरुवारच्या नोंदीत, वर दिलेल्या ओळींच्या खाली आला. एक सहकारी म्हणतो, संशयही लगेच सांगायला हवा होता, कारण त्या दोन दिवसांत त्यांनी एखादी जुनी फाइल पुढे पाठवली असती तर? दुसरी म्हणते, ताळ्याच्या आठवड्यात ‘मागचंही चुकलं असेल’ असं खात्रीशिवाय लिहिलं असतं तर त्यांनी शुक्रवारचं काम सोडून सगळे महिने उपसले असते. मला दुसरीचं पटतं, पण पहिल्याला खोडून काढणारं उत्तर माझ्याकडे नाही.

जुन्या फाइलींसाठी मग एवढंच लिहिलं: अपलोड सुरू होण्याआधीच्या फाइलींना हे कारण लागू नाही, नंतरच्यांपैकी ५०० पेक्षा जास्त ओळींच्याच बघा. बिल क्रमांकाच्या स्तंभात एकही क्रमांक दोनदा नसेल आणि ओळींची संख्या स्क्रीनवरच्या आकड्याइतकी असेल, तर त्या फाइलमधून काहीही गळलेलं नाही.