झोप साडेसात तास, नाडी छप्पन्न

आमच्या ग्राऊंडवर सकाळी साडेपाचला पहिली दिसते ती वही. घड्याळ नाही, अ‍ॅप नाही, दोनशे पानी वही. प्रत्येक मुलीनं उठल्याउठल्या मोजलेली नाडी आणि रात्रीची झोप त्यात लिहायची, वॉर्मअपच्या आधी मी ती चाळते. गोल्फ क्लब मैदानावर फिरायला येणारी मंडळी मनगट पुढे करून 'माझा स्लीप स्कोअर ब्याऐंशी' सांगतात. त्या आकड्यावर त्यांनी आजवर काय बदललं, हे मात्र कुणी सांगत नाही.

नाडी मोजायला कुणालाही येते, असं कुणालाही वाटतं. नव्या मुलीच्या वहीत ४८, ५२, ४८, ५६ असे आकडे आले की मला कळतं, ही पंधरा सेकंद मोजून चारनं गुणतेय. त्यात एक ठोका इकडचा तिकडे झाला की आकडा चारनं हलतो, आणि मला जो फरक शोधायचाय तो पाच-सहा ठोक्यांचाच असतो. म्हणून नियम असा: जाग आली की लघवीला जाऊन यायचं, परत दोन मिनिटं आडवं पडायचं आणि पूर्ण साठ सेकंद मोजायचे. चहाच्या आधी, मोबाइल हातात घेण्याच्या आधी. आकडा ४७ आला तर ४७च लिहायचा.

ज्या मुलीबद्दल लिहितेय ती पाच हजार मीटर पळते, पेठ तालुक्यातली आहे, शहरात हॉस्टेलवर राहते. तिची वही माझ्याकडची सगळ्यात विश्वासू. जूनमधल्या हलक्या आठवड्यात काढलेली तिची नेहमीची नाडी ४७. तुलना मी कायम या पक्क्या आकड्याशी करते. मागच्या सात दिवसांच्या सरासरीशी केली, तर नाडी हळूहळू चढताना सरासरीही तिच्याबरोबर चढते आणि सगळं आलबेल दिसतं. पाळीच्या तारखाही वहीत असतात. पाळी येण्याआधीच्या पंधरवड्यात तिची नाडी दोन-तीन ठोके वर राहते, ते तिच्यापुरतं नॉर्मल.

नवरात्रात शुक्रवारी वहीत ५२ आलं. शनिवारी ५४, रविवारी ५६. झोपेच्या रकान्यात तिन्ही दिवशी साडेसात तास.

मंगळवारी तिचा महत्त्वाचा वर्कआउट होता: एक हजार मीटरचे पाच रिपीट, प्रत्येकी ३ मिनिटं ३५ सेकंदांत, मध्ये दोन मिनिटं जॉग. झोनल त्यानंतर अकरा दिवसांवर. माझा ठोकताळा असा, की नाडी पाचनं वर आणि ती सलग दोन दिवस, तर कडक वर्कआउट हलका करायचा. तिसऱ्या दिवशीही उतरली नाही तर सुट्टी. पण हा ठोकताळाच आहे, कायदा नाही. आधी साधी कारणं खोडून काढावी लागतात.

पाळीचा सातवा दिवस होता, म्हणजे ते कारण नाही. थर्मामीटर लावलं, ताप नाही. घसा, सर्दी काही नाही. ऑक्टोबरच्या उन्हात पाणी कमी पडलं की नाडी चढते, पण ती बाटली घेऊनच फिरते. उपवास? 'उठता-बसता धरलाय मॅडम, मधले दिवस जेवते.' पाय कसे आहेत? 'हलके. मला काहीच होत नाहीये.'

शेजारच्या ग्राऊंडचे एक सर वही बघून हसले. 'आमच्या वेळी नाडी फक्त डॉक्टर बघायचे.' त्यांच्या वेळचे किती जण पंचविशीच्या आत नडगीला फ्रॅक्चर घेऊन घरी बसले, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं खरं.

मला खटकत होता तो झोपेचा रकाना. साडेनऊला दिवा बंद, पाचला उठणं, बेरीज साडेसात. म्हणजे ती आडवी पडल्याची वेळ. म्हणून रविवारी रात्री माझं घड्याळ तिच्या मनगटावर बांधायला दिलं. सकाळी त्यानं झोप दाखवली सात तास दहा मिनिटं, म्हणजे घड्याळही तिच्याच बाजूनं. पण त्याच घड्याळातला रात्रीच्या नाडीचा आलेख उघडला आणि चित्र पालटलं. डोळा लागला की नाडी साधारण खाली येत जाते. हिची साडेबारापर्यंत साठच्या आसपास सपाट होती, उतरली ती त्यानंतर. सोमवारी सकाळची नाडी ५६च.

मनगटावरचं घड्याळ झोप ओळखतं ते मुख्यतः हालचालीवरून. माणूस डोळे मिटून स्वस्थ पडून राहिला तर बऱ्याचदा त्याला तो झोपलेलाच वाटतो. आणि ही पोरगी शिस्तीची! झोप आली नाही तरी कूस न बदलता पडून राहणारी. खोदून विचारल्यावर म्हणाली, 'मागच्या मैदानात गरबा असतो ना. पण मी झोपायचा प्रयत्न करते, मॅडम.' भोंगे बंद करायची वेळ कागदावर दहाची असते. नवरात्रात काही दिवस बाराची परवानगी मिळते, आणि उरलेल्या दिवशी मंडळवाले स्वतःच ती घेतात.

सोमवारी पूर्ण सुट्टी दिली आणि मंगळवारचा वर्कआउट काढून टाकला, त्या जागी अर्धा तास सावकाश पळणं. ती रडकुंडीला आली. तिच्या दृष्टीनं स्पर्धेआधीचा सगळ्यात मोठा दिवस मी एका आकड्यापायी खाल्ला होता. शिवाय दोन रात्री तिला सातपूरला मावशीकडे झोपायला पाठवलं. मंगळवारी नाडी ५२, बुधवारी ४८.

इथेच माझं डोकं अडकलंय. विश्रांती आणि झोप दोन्ही एकदम बदलले, त्यामुळे नाडी कशानं उतरली ते वही सांगत नाही. तिला फक्त झोप हवी असेल, तर मावशीकडे पाठवून वर्कआउट गुरुवारवर ढकलला असता आणि सोमवारीही हलकं पळवलं असतं तरी चाललं असतं. उलट आधीच्या आठवड्यांचा थकवा साचला असेल आणि गरबा नुसतं निमित्त असेल, तर दोन दिवससुद्धा कमीच होते. एकेक गोष्ट बदलून बघायची तर चार-पाच दिवस लागले असते, तेवढे हातात नव्हते. शिवाय दिलेली सुट्टी स्वतःचा पुरावा मागे ठेवत नाही. ती आजारी पडली नाही, म्हणून मी बरोबर होते असं म्हणता येत नाही.

गुरुवारी वहीत ४९ होतं. पाचाऐवजी तीन रिपीट दिले. तिसरा ३ मिनिटं ३१ सेकंदांत आला आणि ती चौथा मागत उभी राहिली. मी दिला नाही.

झोनलला ती चौथी आली, स्वतःच्या सर्वोत्तम वेळेपेक्षा दोन सेकंद कमी घेऊन. तिसरीत आणि तिच्यात जेमतेम पाच मीटर अंतर होतं. ते पाच मीटर त्या मंगळवारचे होते असं तिचं ठाम मत आहे. मला तसं वाटत नाही. अकरा दिवसांवरच्या स्पर्धेत एका वर्कआउटनं फारसा फरक पडत नाही, पण छप्पन्नच्या नाडीवर तो रेटला असता तर पुढचा आठवडा गेला असता, असं मला वाटतं. सिद्ध मात्र दोघींनाही करता येत नाही.

झोपेचा रकाना आता दोन ठिकाणी फोडलाय: आडवी कधी पडली, आणि डोळा अंदाजे कधी लागला. दुसरा लिहिताना मुली वैतागतात, 'झोप लागली कधी ते झोपलेल्याला कसं कळणार?' मिनिटाचा हिशेब मला नकोच आहे, भोंगे बंद व्हायच्या आधी की नंतर एवढं लिहा, असं मी सांगते. सरांनी परवा कोऱ्या वह्या कुठे मिळतात ते विचारलं. त्यांना कशाला हव्यात ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.