‘दर सहा वर्षांनी’ आणि माझा लाल पेन

आठवीच्या नागरिकशास्त्राची घटक चाचणी होती. ‘भारताची संसद’ हा पाठ नुकताच संपला होता आणि मी पाच विधानं काढली. सूचना नेहमीचीच: चूक की बरोबर ते लिहा, चुकीचे विधान दुरुस्त करून पुन्हा लिहा. पाचांत तीन चुकीची, दोन बरोबर, एकूण गुण 8. कागद काढायला दहा मिनिटं लागली. तपासायला दोन रविवार गेले, आणि तेही एका विधानापायी.

विधान होतं: ‘राज्यसभा दर पाच वर्षांनी विसर्जित होते.’

माझ्या उत्तरसूचीत एकच ओळ होती. राज्यसभा हे कायमस्वरूपी सभागृह आहे, ती विसर्जित होत नाही. असं कुणी लिहिलं की पूर्ण गुण, नाही लिहिलं की शून्य, इतकं सोपं मी धरून चालले होते. पहिल्या पंधरा पेपरांतच माझ्यापुढे चार वेगवेगळी ‘दुरुस्त’ विधानं आली.

एकानं लिहिलं, ‘राज्यसभा दर पाच वर्षांनी विसर्जित होत नाही.’ दुसरीनं, ‘राज्यसभा कधीच विसर्जित होत नाही.’ तिसऱ्यानं, ‘लोकसभा दर पाच वर्षांनी विसर्जित होते.’ आणि चौथ्यानं, अगदी सुवाच्य अक्षरात, ‘राज्यसभा दर सहा वर्षांनी विसर्जित होते.’

दुसरीला मी लगेच पूर्ण गुण दिले. पहिल्यापाशी अडले. त्याचं वाक्य खरं आहे, खोटं म्हणताच येणार नाही. पण त्या वाक्यावरून त्याला काय माहीत आहे हे मला कळत नाही. दर पाच वर्षांनी नाही, मग केव्हा? सहा वर्षांनी? दहा? की कधीच नाही? ‘होते’च्या जागी ‘होत नाही’ लिहायला संसदेचा पाठ वाचावा लागत नाही, मराठी येत असलं की पुरतं. दुसरीच्या उत्तरातही ‘नाही’ आहेच, म्हणजे नकार आला की गुण काप असा सरसकट नियमही करता येईना. फरक एवढाच की तिनं ‘दर पाच वर्षांनी’ काढून टाकलं. विधानातली खोट कुठे आहे हे तिला दिसलं होतं.

तिसऱ्याचं उत्तर वेगळ्याच तऱ्हेनं त्रासदायक. लोकसभेची मुदत साधारणपणे पाच वर्षांची, तेव्हा वाक्य चालण्यासारखं आहे. पण मी राज्यसभेबद्दल विचारलं होतं आणि त्यानं राज्यसभाच वाक्यातून काढून टाकली. गंमत म्हणजे चूक माझी होती. सूचनेत मी कुठेही म्हटलं नव्हतं की कोणता शब्द बदलायचा आणि कोणता जागेवर ठेवायचा. त्याला शून्य देणं मला जमलं नाही. मी पूर्ण गुण दिले आणि पेपराच्या कोपऱ्यात स्वतःसाठी एक खूण केली.

‘दर सहा वर्षांनी’वाल्याला मात्र मी शून्य दिलं. पाठोपाठ अजून एक तसाच पेपर आला. मग अजून एक. गठ्ठा संपला तेव्हा ‘सहा वर्षांनी’ लिहिणारे अकरा निघाले होते.

अकरा मुलं एकाच शब्दांत चुकतात तेव्हा मला आधी शेजारच्या बाकावर नजर टाकल्याचा संशय येतो. पण ही मुलं वर्गभर विखुरलेली होती. त्यात एक मुलगी अशी, की जी परीक्षेत स्वतःच्या पेपरवर हाताची भिंत करून बसते. म्हणून सोमवारी मी तिची वही मागितली. पाठाच्या पहिल्याच पानावर तिनं पट्टीनं आखलेला तक्ता होता. डावीकडे लोकसभा, उजवीकडे राज्यसभा. किमान वय 25, किमान वय 30. खाली ‘मुदत’ असा रकाना, त्यात एकीकडे 5 वर्षे, दुसरीकडे 6 वर्षे.

तो तक्ता फळ्यावर मीच काढून दिला होता.

लोकसभेच्या बाजूची 5 वर्षे सभागृहाची आहेत. राज्यसभेच्या बाजूची 6 वर्षे सभागृहाची नाहीत, एकेका सदस्याची आहेत. दोन वेगळ्या गोष्टी मी एकाच रकान्यात समोरासमोर मांडल्या, आणि मुलांनी त्या जशा मांडल्या तशाच घेतल्या. त्यांच्या उत्तरात तर्क होता. पाच म्हणजे लोकसभा, राज्यसभेला सहा, तर पाच खोडा आणि सहा लिहा. नुसतं ‘चूक की बरोबर’ विचारलं असतं तर ही अकराही मुलं ‘चूक’ लिहून पैकीच्या पैकी घेऊन गेली असती आणि माझ्या तक्त्यातली खोट मला वर्षभर कळली नसती.

त्या तासाला तक्ता पुसून मी फळ्यावर तीन चौकोन काढले. राज्यसभेत महाराष्ट्राच्या 19 जागा. त्यांपैकी 6 जागांची निवडणूक 2022 मध्ये झाली, 6 जागांची 2024 मध्ये, आणि उरलेल्या 7 जागांची पाळी 2026 ची. प्रत्येक जण सहा वर्षांसाठी जातो, पण सगळे एकदम जात नाहीत आणि एकदम परतही येत नाहीत. दर दोन वर्षांनी साधारण एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात, बाकीचे बसलेलेच असतात. मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘बाई, मग पहिल्या वेळी काय केलं? तेव्हा तर सगळे एकदमच आले असतील ना?’ प्रश्न फार चांगला होता. 1952 मध्ये राज्यसभा पहिल्यांदा स्थापन झाली तेव्हा चिठ्ठ्या टाकून ठरवलं, कोण दोन वर्षांनी निवृत्त होणार, कोण चार आणि कोण सहा. चिठ्ठ्या म्हटल्यावर वर्ग हसला, पण ते चौकोन त्यांच्या डोक्यात बसले.

हे शिकवण्याचं झालं. गुणांचं भांडण अजून मिटलं नव्हतं.

शेजारच्या तुकडीचे पेपर दुसऱ्या बाई तपासत होत्या. प्रश्नपत्रिका एकच. मधल्या सुट्टीत आम्ही दोघींनी पेपर समोरासमोर ठेवले तर लक्षात आलं, की ‘दर पाच वर्षांनी विसर्जित होत नाही’ याला त्यांनी पूर्ण दोन गुण दिले होते आणि मी एक. त्यांचं म्हणणं, ‘वाक्य खरं आहे ना? मग आपण कशाच्या जोरावर कापायचे?’ माझं म्हणणं, दुरुस्तीत बरोबर माहिती यायला हवी, नुसता नकार नको. दोघींनाही आपापलं खरं वाटत होतं, पण मुलं संध्याकाळी मैदानावर पेपर जुळवतात, तेव्हा दोन तुकड्यांना दोन न्याय लावून भागणार नव्हतं.

त्याच वेळी त्यांच्या गठ्ठ्यातला एक पेपर हाती लागला. त्या मुलानं पाचही विधानांपुढे ‘चूक’ लिहिलं होतं. दुरुस्ती एकाचीही नाही. त्या बाई ओळखण्याला एक आणि दुरुस्तीला एक असे गुण देत होत्या, तेव्हा त्याला तीन खोट्या विधानांचे तीन गुण पडले होते. 8 पैकी 3, तेही काही न वाचता. त्यावर मात्र आमचं लगेच एकमत झालं.

ठरवलं ते असं. चुकीच्या विधानाला दोन गुण, पण नुसतं ‘चूक’ लिहिण्याला अर्धाच. दीड गुण दुरुस्तीला. बरोबर विधान ओळखण्याला एक गुण, त्यात दुरुस्ती नाहीच. बरोबर विधानाला ‘चूक’ म्हणून त्याची मोडतोड केली तर शून्य. आता पाचही ठिकाणी ‘चूक’ लिहिणाऱ्याला दीड गुण पडतो, आणि तेवढा पडू द्यायला आमची हरकत नव्हती. दुरुस्तीच्या दीड गुणांत नुसत्या नकाराला अर्धा, कारण वाक्य खोटं नाही. खोट्या माहितीच्या जागी दुसरी खोटी माहिती आली तर दुरुस्तीचे गुण नाहीत, ‘चूक’ ओळखल्याचा अर्धा तेवढा राहतो. म्हणजे माझ्या अकरांना शून्याऐवजी अर्धा मिळाला. माझ्या तक्त्याचा हिशोब धरला तर तो कमीच होता.

दोन्ही गठ्ठे पुन्हा तपासले. शब्दांच्या बाबतीत मात्र आम्ही हात सैल ठेवला. दुसरं विधान होतं, ‘राज्यपालांची निवड जनता करते.’ बऱ्याच जणांनी दुरुस्ती केली, ‘राज्यपालांची निवड राष्ट्रपती करतात.’ काटेकोरपणे ‘नेमणूक’ हवं. पण ‘निवड’ हा शब्द विधानात आम्हीच दिला होता, आणि मुलानं बदलायचं तेच बदललं होतं. पूर्ण गुण. ‘राष्ट्रपति’ असं ऱ्हस्व लिहिणाऱ्याचाही गुण कापला नाही. तो मराठीच्या बाईंचा प्रांत.

सहामाहीची प्रश्नपत्रिका काढताना दोन गोष्टी बदलल्या. विधानातल्या ज्या शब्दाबद्दल विचारायचं आहे तो अधोरेखित केला आणि सूचनेत लिहिलं, ‘अधोरेखित शब्द न बदलता दुरुस्ती करा, केवळ नकारार्थी वाक्य करू नये.’ राज्यसभा अधोरेखित असली की लोकसभेकडे पळता येत नाही. गुण मात्र विधानासमोर छापले नाहीत, खाली एकत्रच दिले. दोन गुणांचं विधान चुकीचं आणि एका गुणाचं बरोबर, हे मुलांनी पहिल्या मिनिटात हेरलं असतं.

एक विधान मी जुन्या फाइलमधून उचललं होतं: ‘राष्ट्रपती लोकसभेवर अँग्लो-इंडियन समाजाचे दोन प्रतिनिधी नेमू शकतात.’ माझ्या सूचीत त्यापुढे ‘बरोबर’. छपाईला देण्याआधी दुसऱ्या बाईंनी वाचलं आणि पेन्सिलनं गोल केला. 104 व्या घटनादुरुस्तीच्या वेळी त्या तरतुदीला मुदतवाढ दिली गेली नाही, जानेवारी 2020 पासून ती संपली. मी फाइल उघडून पाहिली, तो कागद 2017 चा होता. त्यामुळे लोकसभेच्या कमाल सदस्यसंख्येचा 552 हा जुना आकडाही आता 550 धरावा लागतो. ते विधान तसंच गेलं असतं तर पेपर वाचणाऱ्या एखाद्या मुलानं ‘चूक’ लिहून नेमकी दुरुस्ती केली असती आणि मी त्याला शून्य दिलं असतं.

विधान काढून टाकलं. त्याच्या जागी घातलं, ‘अर्थविधेयक प्रथम राज्यसभेत मांडले जाते’, आणि ‘अर्थविधेयक’ अधोरेखित केलं.

राज्यसभेचं विधान मुद्दाम पुन्हा ठेवलं होतं, फक्त पाचाच्या जागी सहा करून. अकरांपैकी आठांनी लिहिलं, की सभागृह राहतं, सदस्य बदलतात. दोघांनी ‘बरोबर’ असं लिहिलं. आणि हाताची भिंत करणाऱ्या त्या मुलीनं ओळ लिहून खाली तीन छोटे चौकोन काढले होते, 6, 6, 7. चित्राला गुण नव्हते.