भेंडीची तार

कोल्हापुरातला जुलै म्हणजे दोरीवरचा टॉवेल तीन दिवस ओलाच. अशाच एका सकाळी कपिलतीर्थ मंडईतून अर्धा किलो कोवळी भेंडी आणली. शेंडा टचकन मोडत होता, म्हणजे मालात खोट नव्हती. घाईघाईने धुतली, चाळणीत निथळली, चिरली आणि एकदम सगळी कढईत टाकली. वर झाकण आणि आपली कांदा-लसूण चटणी. दहा मिनिटांनी उलथनं उचललं, तर तार पार ओट्यापर्यंत.

आत्ती दारातूनच म्हणाली, "धुतलीस कवा?"

"आत्ताच की."

"मग भाजी न्हाई, खळ झाली."

भेंडीचा बुळबुळीतपणा तिच्या पेशींतच असतो. चिरलं की तो मोकळा होतो आणि पाणी मिळालं की फुगून पसरतो. चिरून धुणारे तर त्याला आमंत्रणच देतात. आत्ती भेंडी रात्रीच अख्खी धुते, जुन्या धोतराच्या फडक्याने एकेक पुसते आणि पंख्याखाली पसरून ठेवते. सकाळी सुरी कोरडी, पाटही कोरडा. सुरी चिकट झाली की पुसायची, पाण्याखाली धरायची नाही. तुकडे बोटाच्या पेराएवढे, कारण चकत्या जितक्या पातळ तितकी कापलेली तोंडं जास्त.

पुढचं सगळं कढईच्या आवाजावर. रुंद लोखंडी कढईत तेल चांगलं तापवून, मोहरी तडतडली की निम्मीच भेंडी घालायची. चरचर आवाज आला तर ठीक. रटरट यायला लागला की समजा, ती परतत नाही, शिजते आहे. दाटीवाटीने घातली की वाफ अडकते, झाकणानेही तेच. म्हणून अर्धा किलोचे दोन घाणे. पहिली तीन-चार मिनिटं हात आवरायचा. मध्ये तार दिसतेच, घाबरून पाण्याचा हबका मारायचा नाही. मोठ्या आचेवर आठ-दहा मिनिटांत ती आटते आणि कडा तांबूस होतात. तरी चिवट राहिलीच, तर दोन आमसुलं टाकायची, आंबटाने तार तुटते.

मीठ शेवटी, हे मला माहीत होतं. मिठाने पाणी सुटतं. पण माझा खरा घात चटणीने केला होता. आपल्या चटणीत मीठ असतंच, शिवाय कांदा आणि लसूण. ती आधी घातली की भेंडी पाझरणारच, आणि मोठ्या आचेवर मसाला करपतो तो वेगळाच. आत्ती गॅस बंद करून वरून चमचाभर चटणी भुरभुरते, दोनदा हलवते आणि मगच चव बघून मीठ.

जून भेंडीला मात्र यातलं काही लागू नाही. ती कुरकुरीत होत नाही, दोरे लागतात. तसली आत्ती आमटीत ढकलते. माझी त्या दिवशीची खळसुद्धा तिने ताक घालून आमटीतच खपवली आणि भाकरीबरोबर मलाच पहिली वाढली.