अक्काच्या फोटोतला पक्षी: काळा की राखाडी?

रविवार, १५ फेब्रुवारी, रात्री

सकाळी अक्काचा सांगलीहून फोटो आला, खाली एकच ओळ: "हा कोण ते सांग, वहीत लिहायचाय." अक्का रोज सकाळी परसात आलेले पक्षी वहीत मांडते. नाव, नर की मादी, किती वाजता. जिथं खात्री नसते तिथं प्रश्नचिन्ह टाकते आणि मग ते प्रश्नचिन्ह माझ्या गळ्यात येतं. मी साताऱ्यात स्टुडिओत तीस वर्षं फोटो धुतले, छापले, रंग दुरुस्त केले, म्हणून तिचा समज की मला फोटोतलं सगळं कळतं.

फोटो बघून कपाळाला हात लावला. तुळशी वृंदावनाच्या कठड्यावर पाण्यासाठी ठेवलेलं पांढरं प्लॅस्टिकचं झाकण, त्यावर वाकून पाणी पिणारा पक्षी. डावी बाजू जास्वंदीच्या गडद सावलीत, उजव्या खांद्यावर उन्हाची तिरीप. मागची चुन्याची भिंत उन्हात इतकी पेटलेली की तिचा पोतच उरला नाही. पोट झाकणाआड. शेपूट वर उचललेली, पण नेमकी त्या भिंतीवर आल्यामुळे तिच्या कडा पांढऱ्यात विरघळलेल्या. शेपटीखाली लालसर रंग.

लालसर रंग बघून मी पटकन लिहिलं, "चिरक असावा." पाच मिनिटांनी स्वतःचीच चीड आली आणि ते पुसून टाकलं. पण अक्काने वाचलं होतं. तिचं उत्तर: "मग पंखावर पांढरा पट्टा कसा?"

तिचं बरोबर होतं. चिरकाचा नर काळा, खांद्यापाशी पांढरा ठिपका, तोही बसल्यावर बऱ्याचदा झाकलेला. मादी मातकट-राखाडी आणि तिच्या पंखावर पांढरं काहीच नाही. शेपटीखाली मात्र दोघांच्याही विटकरी. लांब पांढरा पट्टा असतो दयाळाच्या पंखावर. दयाळाचा नर निळसर झाक असलेला काळाकुळकुळीत, मादीत तोच काळा भाग राखाडी. पण दयाळाच्या शेपटीखाली पांढरं असतं, विटकरी नाही. म्हणजे एकाच फोटोत पट्टा दयाळाचा आणि लाली चिरकाची. दोहोंपैकी एक खोटं.

व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो दाबून लहान झालेला असतो आणि त्यात रंगाचा तपशील उजेडाच्या तपशिलापेक्षा जास्त मारला जातो, लाल शेजारच्या पिसांवर ओघळतो. म्हणून अक्काला म्हटलं, मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठव. ते कसं करायचं हे दाजींना फोनवर सांगण्यात पाऊण तास गेला.

सोमवार, संध्याकाळी

मूळ फाइल कॉम्प्युटरवर उघडली. आधी सावल्या उजळून बघायचा मोह आवरला. अंधारा भाग ओढून वर आणला की त्यात जांभळे-हिरवे कण उठतात आणि माणूस त्यांनाच पिसांचा रंग समजतो. त्यापेक्षा ड्रॉपर घेऊन एकेका जागेचे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे टिपले. ० म्हणजे अंधार, २५५ म्हणजे पूर्ण उजेड.

सुरुवात पक्ष्यापासून करायचीच नाही. आधी फोटोत अशी वस्तू शोधायची जिचा खरा रंग आपल्याला ठाऊक आहे आणि जी पक्ष्याइतक्याच सावलीत आहे. अक्का वृंदावन गेरूने सारवते आणि कठड्याच्या कडेला चुन्याची पांढरी रेघ ओढते. पक्ष्याच्या पायाशी, सावलीतच, ती रेघ होती. आकडे आले १३२, १४१, १६०. पांढऱ्याचे तिन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. इथं निळा चढलाय, कारण सावलीत ऊन पोचत नाही, पोचतो तो वरच्या निळ्या आकाशाचा उजेड. म्हणजे या सावलीत सगळंच जरा निळं दिसणार, राखाडी तर हमखास.

मग पंखावरचे पट्टे. मोठं करून पाहिल्यावर दोन निघाले. वरचा खांद्यावर, उन्हाच्या तिरिपीत, आकडे सरळ २५५, २५५, २५५. तिथं माहितीच शिल्लक नाही. पांढरं पीस असो, काळं तुकतुकीत पीस असो, उजेड अति झाला की कॅमेरा दोघांनाही सारखंच पांढरं लिहितो आणि ते कुठल्याही प्रोग्रॅमने परत येत नाही. शिवाय बाजूच्या जास्वंदीच्या पानावर त्याच कोनात तसलाच पांढरा डाग होता, आणि खांद्यावरच्या डागाची कड मऊ, दोन-तीन पिसांवरून बेफिकीर गेलेली. ती चकाकी. तो पट्टा मी खोडला.

खालचा पट्टा सावलीत होता. आकडे १२८, १३७, १५५. चुन्याच्या रेघेच्या शेजारी ठेवले तर जवळपास तेच! सावलीत बसूनही तो चुन्याइतका उजळ आहे आणि चुन्याइतकाच निळसर आहे, म्हणजे तो मुळात पांढराच. त्याची कड पिसाच्या कडेवर येऊन चाकूने कापल्यासारखी थांबत होती. चकाकी पिसाची कड पाळत नाही. हा पट्टा खरा.

मग शेपटीखालची लाली खोटी असायला हवी. पण लाली खोटी कुठून आली?

हे उमगायला चहा करावा लागला. चहाचा कप टेबलावरच्या लाल फाइलीवर ठेवला आणि पांढऱ्या कपाचा बूड गुलाबी दिसला. वृंदावन गेरूचं आहे! सकाळचं ऊन गेरूवर पडतं आणि तिथून लाल होऊन वर उसळतं. पक्षी वाकलेला, शेपूट वर, त्यामुळे शेपटीखालचा भाग थेट गेरूकडे तोंड करून.

मनातल्या कल्पनेवर विसंबायचं नव्हतं. दोन गोष्टी तपासल्या. पहिली, त्याच कठड्यावरच्या पांढऱ्या झाकणाची खालची कड. तीसुद्धा लालसर निघाली, आणि झाकण तर पांढरंच आहे, मी दिवाळीला गेलो तेव्हा पाहिलंय. दुसरी, उजेडाची. फोटोतला रंग काढून तो नुसता काळा-पांढरा केला. चुन्याची रेघ १४० च्या आसपास आली, शेपटीखालचा भाग १२७. चिरकाचा विटकरी रंग गडद असतो, काळ्यापेक्षा थोडाच उजळ. तो १२७ वर येऊन चुन्याला भिडायला बघणं शक्य नाही. पांढऱ्या पिसांवर लाल उजेड पडला तरच असं फिकट दिसतं. रंग फसवतो तितका गडद-फिकटपणा फसवत नाही, हे आम्ही कृष्णधवलच्या डार्करूममध्येच शिकलो होतो.

एक गंमत. प्रोग्रॅमला "ही चुन्याची रेघ पांढरी आहे" असं सांगून सगळा फोटो दुरुस्त केला, तर शेपटीखालची लाली कमी होण्याऐवजी वाढली. दुरुस्ती होते ती एकाच उजेडाची. इथं दोन उजेड होते, वरून आकाशाचा निळा आणि खालून गेरूचा लाल. निळा काढून टाकला की लाल आणखी उघडा पडतो. आणि तेवढ्या दुरुस्तीवर भिस्त ठेवणारा माणूस शंभर टक्के चिरक लिहून मोकळा होतो.

शेपूटही पुन्हा पाहिली. मधली काळी पिसं फार अरुंद दिसत होती, शेपटीच्या मानाने निम्मीच. दयाळाची बाहेरची पिसं पांढरी असतात, ती मागच्या पेटलेल्या भिंतीत विरली असणार. एवढ्यावरून मी पैज लावली नसती, पण पट्ट्याच्या साक्षीला जोडून चालतं.

तेव्हा दयाळ. आता नर की मादी, आणि खरी अडचण तीच. राखाडी मादी सावलीत काळी दिसते, आणि काळा नर तिरप्या उजेडात निळसर-राखाडी. शिवाय आजकालचे मोबाइल सावल्या आपण होऊन उजळतात, आणि अक्काची लेन्स कायम पिठाच्या बोटांची, त्यामुळे सगळ्या फोटोवर धुरकट पडदा. आकडा एकटा पाहून काही कळणार नाही.

पण दयाळाची चोच नर-मादी दोघांचीही काळी. ती तिथंच, त्याच सावलीत, गालापासून अर्ध्या बोटावर. मोबाइलने उजळलं असेल तर दोघांना उजळलं असेल, धुरकटपणाही दोघांवर सारखाच. नर असेल तर गाल आणि चोच सारखेच गडद हवेत. चोचीचे आकडे २१, २२, २६. गालाचे ५५, ५९, ६८. अडीच पटीहून जास्त फरक. चुन्याच्या हिशोबाने दुरुस्त केल्यावर गाल ५९, ५९, ६० वर आला, म्हणजे निळ्याची झाक गेली आणि साफ राखाडी उरला. नराचा निळा तुकतुकीतपणा असता तर तो जागेप्रमाणे बदलला असता, डोक्यावर एक, गालावर दुसरा. मी पाच ठिकाणी ड्रॉपर टेकवला, पाचही एकाच राखाडीच्या आसपास.

अक्काला लिहिलं: "दयाळ, मादी."

मंगळवार, सकाळी

अक्काचा फोन. कोणाच्या तरी शेतात हळद शिजतेय, सगळ्या परसात वास पसरलाय, हे आधी सांगितलं. मग म्हणाली, "मग बाळू, जानेवारीत मी तीनदा चिरक लिहिलाय. तेही गेरूच का? खोडू?"

मी म्हणणार होतो की खोड. पण फोटो मागवले. दोन निकामी, हललेले. तिसरा गच्चीच्या कठड्यावरचा, पुरता सावलीतला, खाली नुसतं सिमेंट, गेरूचा ठिपकाही नाही. पंखावर पट्टा नाही. शेपटीखालचा भाग डोळ्यांना काळाच दिसत होता. ड्रॉपर टेकवला. पोटाचे आकडे २९, ३१, ३६, सावलीतल्या काळ्याला शोभेसे निळ्याकडे झुकलेले. शेपटीखाली ५२, ४१, ४२. पोटापेक्षा थोडंच उजळ, आणि निळ्या सावलीत बसूनही लाल वरचढ.

"अक्का, हा चिरकच आहे, नर. पण तुला कसं कळलं गं? फोटोत तर लाल दिसतच नाही."

"फोटो कशाला बघायचा? कठड्यावर बसला होता, डोळ्यांनी बघितलं की."

वहीतली ती एक नोंद राहिली. बाकी दोन्हींपुढे तिने प्रश्नचिन्ह टाकलंय. लेन्स पदराने पुसून घेत जा एवढं सांगितलं, आणि झाकण वृंदावनावरून उचलून सिमेंटच्या कट्ट्यावर ठेव म्हटलं. त्यावर ती म्हणाली, तिथं मांजर येतं.