लग्नानंतरचा थँक्यू मेसेज लिहायला आम्हाला चार दिवस लागले

लग्न पार पडलं त्याच्या तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं आभाराची पोस्ट लिहायला बसलो, दहा मिनिटांचं काम असं वाटलं होतं. पहिला ड्राफ्ट मी लिहिला, "आपल्या उपस्थितीने सोहळ्याची शोभा वाढली, आपले शुभाशीर्वाद असेच पाठीशी राहोत" वगैरे. नवऱ्याने वाचला आणि म्हणाला, हे तर पत्रिकेच्या मागच्या बाजूला छापल्यासारखं वाटतंय, यात आपण दोघं कुठे आहोत? बरोबर होतं त्याचं.

मग दुसऱ्या ड्राफ्टमध्ये मी नावं घातली. काका, मामी, दोन मैत्रिणी, त्याचा ऑफिसमधला मित्र, असं करत करत चौदा नावं झाली आणि मग आठवलं की आत्या राहिल्या, ज्या आदल्या रात्री एक वाजेपर्यंत माझ्या ब्लाउजची बाही उसवून परत शिवत बसल्या होत्या. म्हणजे चौदा लोकांना बरं वाटणार आणि पंधराव्याला लागणार. शेवटी सगळी नावं काढली आणि नावाऐवजी कामं लिहिली: ज्यांनी आदल्या रात्री सुई-दोरा हातात धरला, ज्यांनी खुर्च्या मोजल्या, जे आठ तासांचा प्रवास करून आले आणि तासाभरात परत निघाले, जे तब्येतीमुळे येऊ शकले नाहीत पण सकाळी सातलाच फोन करून आशीर्वाद दिले. ज्याचं त्याला बरोबर कळतं, आणि राहिलेल्या माणसाला वगळल्यासारखं वाटत नाही.

आता दमल्याची ओळ. ती हवीच होती कारण आम्ही खरंच इतके दमलो होतो की हा सोफ्यावर बसल्या बसल्या, हातातल्या मोबाईलसकट झोपला होता. मी लिहिलं होतं, "एवढ्या पाहुण्यांना भेटून भेटून आता उभं राहायची पण ताकद नाही". मला तेव्हा ते गमतीशीर वाटलं. सासूबाईंना वाचून दाखवलं तर त्या हसल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "अगं, जे लांबून आले त्यांना वाटेल आपण येऊन त्रासच दिला." मला एकदम चर्र झालं, कारण मला असं अजिबात म्हणायचं नव्हतं. बघितलं तर चूक साधी होती, दमण्याचं कारण म्हणून मी पाहुण्यांनाच पुढे केलं होतं. मग कारणच काढून टाकलं आणि पाहुण्यांकडे काहीतरी मागितलं. फायनल ओळ अशी झाली:

"तुमचे आशीर्वाद भरभरून मिळालेत, आता कुणाकडे शिल्लक असेल तर थोडी झोप पण पाठवा, दोघांना मिळून एकच पुरेल."

ही वाचल्यावर सासूबाई खळखळून हसल्या, तेव्हा ठरलं की हीच ठेवायची.

पाठवताना वेगळाच घोळ झाला. व्हॉट्सअ‍ॅपवर ब्रॉडकास्ट लिस्ट करून याने त्याच्या फोनवरून दोन्हीकडच्या लोकांना मेसेज टाकला, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या मावशीने विचारलं, काय गं, आमचे आभार नाही मानलेस? ब्रॉडकास्टचा मेसेज ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोहोचतो, आणि माझ्या माहेरी कुणाकडे याचा नंबर सेव्ह असणार, लग्न होऊन जेमतेम आठवडा झाला होता! मेसेजवर दाबून धरून माहिती बघितली तर डिलिव्हर्डच्या यादीत माझ्याकडचं जवळपास कुणीच नव्हतं. मग माझ्या लोकांना माझ्या फोनवरून पाठवला, आणि मावशीला फोन करून आधी माफी मागितली. ज्यांचं नुकतंच लग्न झालंय त्यांनी आपापल्या माणसांना आपापल्या नंबरवरूनच पाठवा, एका फोनवर सगळं उरकायला जाऊ नका.

जे आजी-आजोबा मोबाईल वापरत नाहीत ते सगळे मिळून अकरा जण निघाले, त्यांच्यासाठी पोस्टचा काही उपयोगच नाही. त्यांना आम्ही रोज संध्याकाळी दोघं मिळून फोन करतोय, स्पीकरवर, दिवसाला दोन-तीन. त्यांना आभारापेक्षा आम्ही बरे आहोत ना हेच ऐकायचं असतं, आणि प्रत्येक जण शेवटी परत एकदा आशीर्वाद देतात, म्हणजे आभार मानायला फोन करायचा आणि उलट आणखी घेऊनच ठेवायचा. एका आजींनी तर याला नाव विचारलं, पुन्हा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं आणि मग म्हणाल्या, "नाव राहू दे बाबा, आवाज चांगला आहे." हा दिवसभर खूश होता.

पोस्टवर सगळ्यात आधी उत्तर आलं ते आत्यांचं. "झोप पाठवली आहे, उशाखाली बघ. आणि बाही परत उसवली तर सांग." ते वाचून मी थोडं रडले, दमल्यामुळे असेल.

अजून चार फोन बाकी आहेत, आज संध्याकाळी त्यातले दोन करणार.